रात्री आपोआप लागणारा टीव्ही: कास्टचा माग कसा काढला

टीव्ही रात्री आपोआप लागला की घरातलं कुणीतरी उठतं, तो बंद करतं आणि परत झोपतं. तेवढ्यात पुरावा नाहीसा होतो. म्हणून अशी तक्रार घेऊन कुणी आलं की आम्ही आधी एकच काम सांगतो: परत लागला तर बंद करण्याआधी पडद्याचा मोबाईलवर फोटो काढा. फोटोबरोबर नेमकी वेळ नोंदली जाते आणि टीव्ही कुठल्या पानावर जागा झाला तेही दिसतं. अर्धं निदान या एका फोटोवर होतं.

पडद्यावर सेट-टॉप बॉक्सचं चॅनेल किंवा एखादा एचडीएमआय इनपुट असेल, तर उठवणारं यंत्र केबलच्या दुसऱ्या टोकाला असतं. एचडीएमआयमध्ये सीईसी नावाची सोय असते. तिच्यामुळे बॉक्स अपडेट होऊन सुरू झाला की तो टीव्हीलाही सुरू करू शकतो. नुसती होम स्क्रीन असेल तर वीज जाऊन आली असेल, किंवा नेटवर्कवरून टीव्हीला फक्त जागं करणारा संदेश आला असेल. पण यूट्यूब उघडलेलं असेल आणि गाणं वाजत असेल, तर कुणाच्या तरी फोनने ते तिथे पाठवलेलं, म्हणजेच कास्ट केलेलं असतं. टीव्ही गाणं स्वतःहून निवडत नाही.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका दुमजली घराचा अनुभव इथे सविस्तर मांडतो आहोत, कारण शहरात अशी घरं भरपूर आहेत. खाली मालक राहतात आणि वर शिवाजी विद्यापीठात शिकणारी मुलं भाड्याने राहतात. फायबरचं कनेक्शन एकच, राउटर जिन्याच्या वळणावर, आणि दोन्ही मजल्यांना वाय-फायचा पासवर्ड एकच. खालच्या हॉलमध्ये ४३ इंची गूगल टीव्ही. तो रात्री बाराच्या पुढे कधीतरी मोठ्या आवाजात लागायचा. रोज नाही, आणि ठरलेल्या वेळीही नाही. काकूंनी रिमोटचे सेल काढून ठेवले होते, तरीही लागला. ही चाचणी त्यांनी योग्यच केली होती. रिमोटचं बटण अडकलेलं असेल तर सेल काढल्यावर त्रास थांबतो, त्यामुळे रिमोटचा संशय तिथेच मिटला. एकाने मदरबोर्ड बदलायला सांगितला होता. बोर्ड बिघडल्यानेही टीव्ही आपोआप लागू शकतो, पण तसा टीव्ही यूट्यूब उघडून अमुक एक गाणं लावत नाही. काकूंच्या फोटोत गाणं स्पष्ट दिसत होतं.

तरी विजेची शक्यता आधी तपासली. मे महिन्यात वळवाच्या पावसात कोल्हापुरात वीज क्षणभर जाऊन येते, आणि अनेक टीव्हींमध्ये वीज आल्यावर काय करायचं याची एक सेटिंग असते: बंद राहायचं, सुरू व्हायचं, की आधीच्या स्थितीत जायचं. वीज गेली होती का हे राउटरच्या पानावर कळतं. तिथे राउटर किती वेळ सलग चालू आहे ते लिहिलेलं असतं. या घरात राउटर इन्व्हर्टरवर असल्यामुळे तो आकडा कामाचा नव्हता. मायक्रोवेव्ह मात्र थेट मेनवर होता. वीज गेली की त्याचं घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकतं. टीव्ही लागला त्या रात्रीनंतरही ते बरोबर वेळ दाखवत होतं, म्हणजे वीज गेलेली नव्हती.

आता झोपलेला टीव्ही ऐकतो कसा, ते थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढच्या सेटिंग का बंद करायच्या ते कळणार नाही. रिमोटने टीव्ही बंद केला की पडदा आणि मुख्य चिप बंद होते किंवा अगदी मंदावते. पण नेटवर्क स्टँडबाय सुरू असेल तर वाय-फायचा भाग राउटरला जोडलेला राहतो. फोनवर कास्टचं चिन्ह दाबलं की फोन घरातल्या नेटवर्कवर हाक मारतो, ‘कास्ट घेणारं कुणी आहे का?’ झोपेतला टीव्हीही उत्तर देतो आणि फोनच्या यादीत त्याचं नाव येतं. ते नाव निवडलं की फोन टीव्हीशी थेट संपर्क साधतो, टीव्ही यूट्यूब उघडतो आणि पडदा पेटतो. यात कुठेही पिन विचारली जात नाही. त्या वाय-फायवर असणं एवढीच पात्रता. गूगल कास्टची रचनाच तशी आहे. एका घरातली माणसं एकमेकांच्या विश्वासातली असतात असं ती गृहीत धरते. एका पासवर्डवर दोन बिऱ्हाडं असली की ते गृहीत चुकतं.

टीव्हीत गूगल कास्ट नसलं तरी हे होऊ शकतं. नेटफ्लिक्स आणि यूट्यूबने मिळून आणलेली डायल नावाची पद्धत बऱ्याच टीव्हींमध्ये असते. तिच्यात टीव्ही जागा असताना फोनला आपला मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवर यंत्र ओळखायचा क्रमांक, आणि जागं व्हायला किती सेकंद लागतात ते सांगून ठेवू शकतो. पुढे टीव्ही झोपलेला असताना ॲप त्या पत्त्यावर ‘मॅजिक पॅकेट’ पाठवतं. हा संदेश १०२ बाइटचा असतो: सुरुवातीला FF सहा वेळा आणि मग तोच मॅक पत्ता सोळा वेळा. टीव्हीची नेटवर्क चिप एवढा एकच नमुना ओळखण्यासाठी जागी असते. या प्रकाराला तारेवर वेक ऑन लॅन म्हणतात आणि वाय-फायवर वेक ऑन वायरलेस लॅन.

कारण नेटवर्कच आहे याची खात्री करायला आम्ही टीव्हीवरून वाय-फाय काढून टाकलं, म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन ते नेटवर्क विसरायला लावलं. राउटर बंद केला नाही. राउटर बंद केला तर फोनच नेटवर्कवर राहत नाहीत आणि सेट-टॉप बॉक्सचं इंटरनेटही जातं, मग शांत रात्रीचं श्रेय कशाला द्यायचं ते ठरत नाही. टीव्ही एकटा तोडला की उत्तर स्वच्छ मिळतं. त्रास रोजचा नसेल तर ही चाचणी पुरेशा रात्री चालू ठेवावी लागते. आठवड्यातून दोनदा होणारी गोष्ट एका रात्री झाली नाही, यावरून काहीच ठरत नाही. वाय-फाय तोडलेल्या रात्री टीव्ही गप्प राहिला. परत जोडल्यावर पुन्हा लागला.

मग वरच्या मुलांना विचारलं, “रात्री गाणी कशावर लावता रे?”

“आमच्या टीव्हीवरच लावतोय की, काका. कधी कधी पहिल्यांदा लागत नाही, मग परत दाबतो.”

वर जुन्या टीव्हीला एक स्ट्रीमिंग स्टिक लावलेली होती. तिचं नाव `Living Room TV`. खालच्या टीव्हीचंही नाव तेच, कारण पहिल्यांदा सेटअप करताना दोन्हीकडे यादीतलं तयार नाव निवडलेलं होतं. फोनवर एकाच नावाच्या दोन ओळी येत होत्या, आणि पोरं वरची ओळ दाबत होती. ती खालच्या मजल्याची निघाली तर ‘लागत नाही’ म्हणून दुसरी दाबायची. तोवर इकडे काकू दचकून उठलेल्या असायच्या. कुणाचाही हेतू वाईट नव्हता, आणि कुठलंही यंत्र बिघडलेलं नव्हतं.

नाव बदलणं हा सर्वांत सोपा उपाय, म्हणून तो आधी केला. गूगल टीव्हीवर `Settings > System > About > Device name` इथे नाव बदलता येतं. खालच्याला ‘तळमजला’ आणि वरच्याला ‘वरची खोली’ अशी नावं दिली. चुकून होणारं कास्टिंग बहुतेक तिथेच थांबतं. पण नुसत्या नावावर भागवू नये, कारण उद्या पाहुणा आला की यादीत दोन्ही टीव्ही त्यालाही दिसणारच.

त्यानंतर टीव्हीचं झोपेतलं ऐकणं बंद केलं. या टीव्हीत नेटवर्कच्या पानावर अगदी खाली दोन वेगवेगळी बटणं होती, एक `Wake on LAN` आणि दुसरं `Wake on WLAN`. इथे हमखास घोटाळा होतो. लोक पहिलं दिसणारं बटण बंद करतात आणि पान सोडतात. टीव्ही वाय-फायवर असेल तर तारेचं बटण बंद करून काहीच फरक पडत नाही. दोन्ही बंद करावीत, म्हणजे पुढे कुणी लॅनची तार लावली तरी प्रश्न परत उभा राहत नाही. काही कंपन्या हीच सोय `Wake on Cast` किंवा `Networked standby` या नावाने पॉवरच्या पानावर ठेवतात.

सोनीच्या टीव्हीत `Network & Internet` मध्ये `Remote start` असतं, ते बंद करायचं. सॅमसंगमध्ये नेटवर्कच्या `Expert Settings` मध्ये `Power On with Mobile`. एलजीच्या नव्या टीव्हींमध्ये `General > Devices > External Devices > TV On With Mobile` इथे जायचं. तिथे `Turn on via Wi-Fi` आणि `Turn on via Bluetooth` असे दोन पर्याय असतात आणि दोन्ही पाहावे लागतात. वर्षागणिक मेन्यूची मांडणी बदलते, त्यामुळे रस्ता जुळला नाही तर सेटिंगच्या नावाने शोधावं.

एका सेटिंगबद्दल खास सांगायचं आहे, कारण ती बंद करून अनेकजण निश्चिंत होतात. गूगल टीव्हीच्या कास्टच्या पानावर `Let others control your cast media` असा पर्याय असतो. तो `Never` केला की टीव्हीवर दुसरा कुणी आपलं कास्ट थांबवू शकणार नाही किंवा टीव्ही उठवू शकणार नाही, असं वाचणाऱ्याला वाटतं. पण तो पर्याय फक्त आधीच चालू असलेल्या कास्टचे प्ले-पॉजचे बटण इतरांच्या फोनवर दाखवायचे की नाही, एवढंच ठरवतो. नवीन कास्ट सुरू करायला तो अडवत नाही. या घरातही तो आधीपासून `Never` वर होता आणि टीव्ही तरीही लागत होता.

टीव्हीत कास्टिंग मुळीच नको असेल तर आणखी पुढे जाता येतं. ॲपच्या यादीत सिस्टिम ॲप दाखवायला सांगून तिथलं कास्टचं ॲप `Disable` करायचं. नाव कुठे `Google Chromecast built-in` असतं, कुठे `Google Cast`. मग दिवसाही कुणाच्या फोनच्या यादीत तो टीव्ही कास्टसाठी दिसत नाही. काकांना नातवाचे फोटो फोनवरून टीव्हीवर बघायचे असतात, म्हणून इथे ते केलं नाही. जिथे कुणी कास्ट करतच नाही, तिथे मात्र हा उपाय सर्वांत पक्का.

यूट्यूबचं एक वेगळं दारही बघून घेतलं. टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये कोड टाकून फोन जोडता येतो, आणि तसा जोडलेला फोन त्याच वाय-फायवर असावा लागत नाही. मोबाईल डेटावरूनही टीव्हीवरच्या उघड्या यूट्यूबला तो व्हिडिओ पाठवू शकतो. टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथून सगळी एकदम काढून टाकली. घरच्यांचे फोन लागतील तेव्हा पुन्हा जोडता येतात.

आता तपासणी. इथे घाई केली की फसगत होते. टीव्ही बंद केल्या केल्या तो खऱ्या अर्थाने झोपत नाही. काही मिनिटं तो आतून जागाच असतो, मागची कामं उरकत असतो, आणि त्या काळात कास्ट केलं तर लागतोही. मग ‘सेटिंगचा उपयोग झाला नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. आम्ही टीव्ही बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबलो. दुसरी फसगत फोनची: फोन आधी दिसलेलं नाव काही काळ यादीत तसंच धरून ठेवतो. म्हणून यूट्यूब पूर्ण बंद करून, फोनचं वाय-फाय बंद-चालू करून मगच यादी पाहिली. ‘तळमजला’ यादीत आला नाही. नाव यादीत दिसतं पण दाबल्यावर काही होत नाही, असं झालं तरी टीव्ही झोपलेला आहे असंच समजायचं. चाचणी वरच्या मुलांच्या फोनवरूनही केली, कारण त्रास तिथूनच येत होता.

सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर असेल तर आणखी एक खूण मिळते. नेटवर्क स्टँडबाय बंद झाल्यावर टीव्हीचा वीजवापर साधारण अर्ध्या वॅटपर्यंत किंवा त्याखाली उतरतो. ऐकत बसलेला टीव्ही दोन वॅटच्या आसपास किंवा त्याहून जास्त घेतो. मीटरवर आकडा खाली यायला किती मिनिटं लागतात ते पाहिलं की आपला टीव्ही खरा कधी झोपतो तेही समजतं. विजेच्या बिलासाठी हे करायची गरज नाही. दोन वॅट रोज वीस तास धरले तरी महिन्याला १.२ युनिट होतात.

शेवटचं काम राउटरवर. खरं तर मूळ दुखणं तिथेच होतं, कारण दोन बिऱ्हाडांचं नेटवर्क एकच असेल तर आज टीव्ही, उद्या प्रिंटर किंवा कॅमेरा. वरच्या मुलांसाठी गेस्ट नेटवर्क सुरू केलं, त्याला वेगळा पासवर्ड दिला आणि मुख्य वाय-फायचा पासवर्ड बदलला. पासवर्ड बदलला नाही तर जुने फोन मुख्य नेटवर्कलाच चिकटून राहतात आणि गेस्ट नेटवर्क रिकामं पडून राहतं. गेस्टला घरातल्या उपकरणांपर्यंत पोहोचू द्यायचं का, असा एक पर्याय राउटरमध्ये असतो. टीपी-लिंकमध्ये तो `Allow Guests To Access My Local Network` या नावाने दिसतो. त्याच्यावरची खूण काढून टाकायची. मात्र गेस्टमधल्या उपकरणांनी एकमेकांना पाहावं हा दुसरा पर्याय चालू ठेवला, नाहीतर मुलांना स्वतःच्या स्टिकवर गाणी लावता आली नसती.

इंटरनेटवाल्याने दिलेल्या डब्यांमध्ये बऱ्याचदा गेस्ट नेटवर्क नसतं, फक्त दुसरं वाय-फाय नाव देता येतं. नाव वेगळं म्हणजे नेटवर्क वेगळं असं नाही. दोन्ही नावं आतून एकाच जाळ्याला जोडलेली असतील तर टीव्ही तसाच दिसत राहतो. ओळखायची रीत सोपी: टीव्ही चालू ठेवून दुसऱ्या नावावरच्या फोनवर कास्टचं चिन्ह दाबायचं. खालचा टीव्ही यादीत आला तर वेगळेपणा नुसता नावापुरता आहे. मग `SSID Isolation` सारखा पर्याय शोधायचा, किंवा वरच्या मजल्यासाठी स्वतंत्र राउटर बसवायचा. त्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये मूळ डब्याची तार यायला हवी. तार लॅन पोर्टमध्ये घातली किंवा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवला, तर नेटवर्क पुन्हा एकच होतं.

फोटोत यूट्यूब नसून नुसती होम स्क्रीन असेल आणि वीजही गेलेली नसेल, तर शोध थोडा लांबतो. अँड्रॉइड टीव्हीवर डेव्हलपर ऑप्शन आणि नेटवर्कवरून डीबगिंग आधीच सुरू करून ठेवलं असेल, तर जागं होण्याचं कारण टीव्हीच्या नोंदीतच सापडू शकतं. लॅपटॉपवर adb नावाचं अँड्रॉइडचं साधन घेऊन टीव्हीच्या पत्त्याशी जोडून घ्यायचं:

```
adb connect 192.168.1.35:5555
adb shell "logcat -d | grep 'Waking up'"
```

पत्ता अर्थात आपल्या टीव्हीचा टाकायचा. ओळीत पुढे `reason` असतं. नव्या अँड्रॉइडमध्ये `WAKE_REASON_HDMI` दिसलं तर बॉक्सकडे वळायचं, `WAKE_REASON_APPLICATION` दिसलं तर कुठल्यातरी ॲपने उठवलंय. ही नोंद फार काळ टिकत नाही, नवी आली की जुनी पुसली जाते. म्हणून रात्रीची नोंद दुसऱ्या दिवशी दुपारी शोधून सहसा सापडत नाही. ती टीव्ही लागल्या लागल्याच काढावी लागते. काम झालं की डीबगिंग बंद करायला विसरू नये.

मॅजिक पॅकेटचा संशय असेल तर त्याच वाय-फायवर लॅपटॉप रात्रभर जागा ठेवून वायरशार्क हे नेटवर्कवरचे संदेश टिपणारं सॉफ्टवेअर चालवता येतं. मॅजिक पॅकेट बहुधा सगळ्या नेटवर्कला उद्देशून पाठवलं जातं, त्यामुळे ते लॅपटॉपलाही मिळतं. फिल्टरमध्ये `wol` लिहिलं की पाठवणाऱ्याचा पत्ता आणि वेळ समोर येते, आणि ती फोटोतल्या वेळेशी जुळवायची. कास्टच्या हाका मात्र याच पद्धतीने पकडून कुणावर बोट दाखवू नये. घरातले फोन त्या हाका दिवसरात्र मारतच असतात, फोनचा मालक झोपलेला असतानाही. पत्त्यावरून फोन ओळखणंही नेहमी जमत नाही, कारण अँड्रॉइड १० पासूनचे फोन प्रत्येक वाय-फायला बनावट मॅक पत्ता देतात.

हे सगळं बंद केल्यावर काय जातं, ते घरच्यांना आधीच सांगून ठेवावं. फोनवरच्या रिमोट ॲपने किंवा स्पीकरला बोलून टीव्ही चालू करता येत नाही, आधी हातातल्या रिमोटने लावावा लागतो. टीव्ही चालू असताना कास्टिंग पूर्वीसारखंच चालतं. काही टीव्ही चालू व्हायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेतात, कारण आता ते गाढ झोपेतून उठतात. आणि टीव्ही फॅक्टरी रीसेट केला, किंवा मोठा अपडेट आला, की `Wake on WLAN` चं पान उघडून एकदा बघावं, कारण ही बटणं मूळ जागी गेलेली आम्ही पाहिली आहेत. राउटर बदलला तर गेस्ट नेटवर्कही नव्याने लावावं लागतं. नव्या डब्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, तर वरचे सगळे फोन एकही प्रश्न न विचारता परत मुख्य वाय-फायवर येतात.